एकाच नळीची दोन उत्तरं

सकाळचे साडेसात वाजले आहेत. लॅबमध्ये अजून पेशंटची रांग लागलेली नाही. स्टँडवर जांभळ्या टोपणाची एक नळी उभी आहे, आदल्या दिवशी उरलेल्या रक्ताची. मशीनची सुई त्या नळीत दोनदा उतरते. पहिल्या वेळी ते रक्त जुन्या डब्यातल्या रिएजंटबरोबर तपासलं जातं आणि पडद्यावर ६.३ आकडा येतो. दुसऱ्या वेळी नव्या डब्यातलं रिएजंट वापरलं जातं आणि आकडा येतो ६.६. माणूस तोच, रक्त तेच, मशीन तेच, टेक्निशियनही तीच. बदलला आहे तो फक्त डब्यावर छापलेला लॉट नंबर.

तपासणी आहे एचबीएवनसीची, म्हणजे लोक जिला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात तिची. हा आकडा ५.७ टक्क्यांच्या खाली असेल तर नॉर्मल. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. त्यामुळे जुना डबा म्हणतो की हा माणूस उंबरठ्यावर उभा आहे, आणि नवा डबा म्हणतो की तो आत आला. त्या दिवशी घाईत नवा डबा मशीनला लावला असता, तर संध्याकाळपर्यंत कितीतरी घरांत चहातली साखर बंद झाली असती, आणि दोष गेल्या महिन्यातल्या आमरसाला गेला असता.

खबरदारी म्हणून रिपोर्ट पुन्हा काढून बघावा, असं कुणीही म्हणेल. डॉक्टरही तेच सांगतात. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर मधुमेहाचं निदान करू नये, दुसऱ्यांदा तपासून खात्री करावी. पण दुसरी तपासणीही त्याच नव्या डब्यावर झाली तर? उत्तर पुन्हा ६.६च्या आसपासच येणार आणि चुकीवर शिक्का बसणार. डब्यातली चूक तपासणी पुन्हा करून सापडत नाही. ती सापडते जुना आणि नवा डबा शेजारी शेजारी ठेवून, एकाच रक्तावर दोघांची परीक्षा घेतली तरच. लॅबच्या भाषेत याला 'लॉट व्हेरिफिकेशन' म्हणतात. पेशंटला हे काम कधी दिसत नाही, पण त्याच्या रिपोर्टमधल्या दशांश चिन्हानंतरचा आकडा बराचसा त्याच्यावरच उभा असतो.

लॉट म्हणजे काय, आणि तो वेगळा का निघतो

रिएजंट म्हणजे रक्ताच्या नमुन्यात मिसळायचं तपासणीचं द्रावण. एचबीएवनसी मोजायच्या एका प्रचलित पद्धतीत आधी एक द्रावण लाल पेशी फोडून हिमोग्लोबिन बाहेर काढतं. मग हिमोग्लोबिनच्या ज्या रेणूंना साखर चिकटलेली असते, तेवढेच ओळखून धरणारी प्रतिपिंडं त्यात मिसळतात. ती त्या रेणूंना पकडून गुठळ्या करतात आणि द्रव गढूळ होतो. मशीन त्यातून प्रकाशाचा झोत सोडून गढूळपणा मोजतं आणि त्यावरून टक्केवारी काढतं.

यातलं प्रतिपिंड हा जैविक पदार्थ आहे, मिठासारखं साधं रसायन नव्हे. ते तयार करायचं, शुद्ध करायचं, लॅटेक्सच्या सूक्ष्म कणांशी त्याची सांगड घालायची आणि मग बाटल्या भरायच्या. एका वेळी भरलेल्या बाटल्यांचा घाणा म्हणजे एक लॉट. एकाच घरात, एकाच हाताने, त्याच मापाने घातलेलं लोणचं दरवर्षी थोडं वेगळं लागतं, कारण कैरी त्या वर्षाची असते. इथेही तसंच होतं.

कंपनी प्रत्येक लॉट बाहेर पाठवण्याआधी तपासते. पण तिची मर्यादा खऱ्या मूल्याच्या दोन्ही बाजूंना असते. समजा, एक लॉट त्या मर्यादेच्या खालच्या काठावर बसला आणि पुढचा वरच्या काठावर. दोन्ही लॉट कंपनीच्या परीक्षेत पास होतात. मात्र खालच्या काठावरून वरच्या काठावर उडी मारणाऱ्या लॅबला दोन्ही बाजूंची मिळून पूर्ण तफावत सोसावी लागते. त्यामुळे डब्याबरोबर आलेला कंपनीचा दाखला खरा असूनही पुरेसा नसतो. तो सांगतो की हा लॉट चांगला आहे. तुमच्या मशीनवर काल चालू असलेल्या लॉटशी तो जुळतो का, हे तो सांगत नाही.

त्यात प्रवासाची भर पडते. हे डबे २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असतात. मे महिन्यात विदर्भाकडे निघालेलं पार्सल एखाद्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात दुपारभर पडून राहिलं, तर आतले बर्फाचे पॅक कधी वितळले हे डब्याकडे बघून कळत नाही. म्हणून लॉट नंबर तोच असला, पण माल नव्या खेपेचा असला, तरी तो तपासूनच घ्यावा लागतो. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५१८९ हेच सांगतं, आणि आपल्याकडे एनएबीएल त्याच मानकावर लॅबना मान्यता देते.

"कंट्रोल पास आहेत, लावू का?"

नवीन मुलं लॅबमध्ये कामाला आली की हा प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, नव्या लॉटवर दोन्ही कंट्रोल पास आहेत. लावू का?" माझं उत्तर असतं, "अजून नको. आधी पेशंटची सॅम्पल चालव."

कंट्रोल म्हणजे आधीच ठरलेलं मूल्य असलेली बाटली. रोज सकाळी पेशंटच्या आधी ती मशीनवर चालवतात. उत्तर ठरल्या पट्ट्यात आलं तर मशीन ठीक आहे असं धरतात. रोजच्या कामाला हा उत्तम पहारेकरी आहे. लॉट बदलताना मात्र त्याच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबता येत नाही.

कारण कंट्रोल म्हणजे नेहमीचं ताजं रक्त नव्हे. ते महिनोन्‌महिने टिकावं म्हणून त्यावर प्रक्रिया केलेली असते. कधी ते वाळवून पूड केलेलं असतं, कधी त्यात टिकाऊपणासाठी रसायनं घातलेली असतात, आणि मूल्य हवं तिथे आणण्यासाठी काही पदार्थ वरून मिसळलेले असतात. त्यामुळे प्रतिपिंड ताज्या रक्तातल्या हिमोग्लोबिनशी एका तऱ्हेने वागतं आणि कंट्रोलमधल्या हिमोग्लोबिनशी थोड्या वेगळ्या तऱ्हेने. लॉट बदलला की या दोन वागण्यांतलं अंतरही बदलू शकतं.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये 'क्लिनिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात याचा मोठा हिशेब मांडला. अनेक तपासण्यांचे शेकडो लॉटबदल त्यांनी पाहिले. प्रत्येक वेळी कंट्रोलचं उत्तर किती सरकलं आणि पेशंटच्या नमुन्यांचं किती, हे ताडून पाहिलं. जवळपास ४१ टक्के तुलनांमध्ये दोन्हींचं सरकणं एकमेकांशी जुळत नव्हतं.

या न जुळण्याचे दोन प्रकार होतात आणि दोन्ही घातक. पहिल्यात कंट्रोल सरकतं, पण पेशंटचे आकडे जागच्या जागी असतात. टेक्निशियन घाबरून कॅलिब्रेशन बदलते, कंट्रोल जागेवर येतं आणि बरोबर असलेले पेशंटचे आकडे बिघडतात. दुसऱ्यात कंट्रोल जागेवर राहतं आणि पेशंटचे आकडे सरकतात. त्या सकाळी आमच्याकडे हा दुसरा प्रकार घडत होता. कंट्रोलची अपेक्षित मूल्यं ५.५ आणि १०.१ होती. नव्या लॉटवर उत्तरं आली ५.५ आणि १०.२. बघणाऱ्याला शंका यायला जागाच नव्हती.

कोणाचं रक्त घ्यायचं

म्हणून साक्ष घ्यायची ती पेशंटच्या रक्ताचीच. वेगळं रक्त काढायची गरज नसते. तपासणी होऊन रिपोर्ट गेल्यावर नळीत जे उरतं ते पुरतं. नाव काढून त्यावर फक्त क्रमांक टाकायचा. एचबीएवनसीच्या नळ्यांत ईडीटीए असल्याने रक्त गोठत नाही आणि फ्रिजमध्ये काही दिवस नीट टिकतं. त्यामुळे नवा लॉट येणार हे कळलं की चार दिवस आधीपासून नमुने जमवायला लागता येतं.

नमुने कसे निवडायचे, याला महत्त्व आहे. फ्रिजमधल्या पहिल्या सहा नळ्या उचलल्या आणि सगळ्या ५च्या आसपासच्या निघाल्या, तर परीक्षेतून फारसं काही कळणार नाही. आकडे जिथे डॉक्टरांचा निर्णय बदलतात, तिथले नमुने हवेत. एचबीएवनसीसाठी या जागा ठरलेल्या आहेत. ५.७ आणि ६.५ या निदानाच्या रेषा, उपचार चालू असलेल्या बऱ्याच पेशंटचं लक्ष्य असलेलं ७, आणि एखादा वरचा, ९च्या आसपासचा. कारण काही लॉट खालच्या आकड्यांना जुळतात आणि वर गेल्यावर फाकतात. बाजारातला तराजू पावशेराला बरोबर आणि पाच किलोला चुकीचा असू शकतो, तसंच हे आहे.

पुढची पथ्यं साधी आहेत, पण एकही चुकवून चालत नाही. नव्या लॉटचं कॅलिब्रेशन आधी करायचं. जुना लॉट त्या दिवशी धड चालला आहे, याची कंट्रोलवर खात्री करायची. मग दोन्ही लॉटवर तेच नमुने एकाच बैठकीत चालवायचे. सकाळी जुना आणि संध्याकाळी नवा असं केलं, तर मधल्या तासांतला फरकही लॉटच्या नावावर जमा होतो. शक्य तोवर कॅलिब्रेटरचा लॉट त्याच दिवशी बदलायचा नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोषी कोण, हे ठरवता येत नाही.

मर्यादा आधी ठरवायची

आता खरा अवघड प्रश्न. जुन्या आणि नव्या लॉटमध्ये थोडा फरक येणारच. किती फरक चालवून घ्यायचा?

याचं उत्तर आकडे बघण्याच्या आधी कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. आकडे समोर आल्यावर मर्यादा ठरवली की माणूस नकळत आकड्यांना सोयीची मर्यादा ठरवतो. जुना डबा संपत आलेला असतो, बाहेर पेशंट बसलेले असतात, आणि "एवढं तर चालतंच" हे शब्द तोंडात येतात. यात कुणी लबाडी करत नसतं. घाईत मन असंच चालतं.

बऱ्याच ठिकाणी सरसकट नियम असतो की दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर पास. हा नियम लक्षात ठेवायला सोपा आणि वापरायला धोकादायक. रक्तातल्या सोडियमचं उदाहरण घ्या. त्याचा नॉर्मल पट्टा साधारण १३५ ते १४५. १४० असलेल्या माणसाचा आकडा दहा टक्क्यांनी घसरला तर १२६ होतो, आणि या आकड्यावर माणूस थेट हॉस्पिटलात भरती होऊ शकतो. याउलट अंगातली सूज दाखवणारा सीआरपी ८० ऐवजी ८८ आला, तर कोणत्याही डॉक्टरचा निर्णय बदलत नाही. एकच टक्केवारी एका तपासणीत जीवघेणी ठरते आणि दुसरीत निरुपद्रवी. म्हणून प्रत्येक तपासणीची मर्यादा वेगळी काढायची आणि सुरुवात एकाच प्रश्नाने करायची: किती फरक पडला तर डॉक्टरांचं पाऊल बदलेल?

एचबीएवनसीमध्ये दोन रिपोर्टांत ०.५चा फरक दिसला की डॉक्टर तो खरा बदल मानतात आणि औषधाचा विचार करतात. हा संपूर्ण ०.५ लॉटच्या चुकीला देऊन टाकता येत नाही. मशीनची रोजची थरथर आणि माणसाच्या शरीरातले चढउतार यांनाही त्यातच जागा लागते. म्हणून आम्ही ठरवलं की ६.५च्या आसपास लॉटमुळे ०.३चा खरा फरक पडत असेल, तर तो आमच्या हातून सुटता कामा नये. ही झाली 'धोक्याची तफावत'. पाच टक्क्यांच्या जरा खालीच येते ती. एचबीएवनसीच्या पद्धतींना प्रमाणपत्र देणारा अमेरिकेतला एनजीएसपी हा कार्यक्रमही बहुतेक नमुन्यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक मान्य करत नाही.

०.३चा फरक पकडायचा, म्हणजे रेषा ०.३वर आखायची का? नाही. थोडी आत आखायची. कारण मशीन स्वतः थोडं थरथरतं. एकच रक्त त्याच लॉटवर पुन्हा पुन्हा तपासलं तर आमच्या मशीनवर साधारण ०.१चा विचलनाचा अंक येतो. जुनं आणि नवं अशा दोन उत्तरांच्या वजाबाकीत दोघांची थरथर मिसळते आणि ती ०.१४च्या आसपास जाते. समजा, एकच नमुना तपासला आणि रेषा ०.२वर आखली. लॉटमध्ये खरोखर ०.३चा दोष असेल, तरी चारपैकी साधारण एका वेळी तो या थरथरीच्या आड लपून पास होईल. उलट लॉट अगदी निर्दोष असला, तरी सहापैकी साधारण एका वेळी तो उगाच नापास होईल. एका नमुन्यावर निकाल देणं म्हणजे जवळपास अंदाजच.

सहा नमुने घेतले आणि त्यांच्या फरकांची सरासरी काढली, तर थरथर एकमेकांना बरीचशी छेद देते. ती ०.१४वरून ०.०६च्या आत येते. आता तीच ०.२ची रेषा शंभरपैकी पंचाण्णवच्या वर वेळा ०.३चा दोष पकडते आणि निर्दोष लॉटला जवळजवळ कधीच अडवत नाही. म्हणजे नमुने किती घ्यायचे, हे परंपरेने किंवा डब्यात उरलेल्या टेस्टवरून ठरत नाही. धोक्याची तफावत आणि मशीनची थरथर या दोन आकड्यांवरून ते ठरतं. थरथर जास्त असेल तर नमुने जास्त. अमेरिकेतल्या सीएलएसआय या मानक संस्थेने २०१३ मध्ये ईपी२६ नावाची मार्गदर्शिका काढली, तिचा गाभाही हाच आहे. तिच्यातले तक्ते वापरले की हे गणित हाताने करावं लागत नाही.

आमच्या वहीत मग दोन ओळी लिहिल्या गेल्या. सहा नमुन्यांच्या फरकांची सरासरी वर किंवा खाली ०.२च्या पलीकडे नको. कोणत्याही एका नमुन्याचा फरक ०.४च्या पलीकडे नको.

वहीतलं पान

आता त्या सकाळचं पान उघडू.

| नमुना | जुना लॉट | नवा लॉट | फरक |
|---|---|---|---|
| १ | ५.२ | ५.४ | +०.२ |
| २ | ५.८ | ६.० | +०.२ |
| ३ | ६.३ | ६.६ | +०.३ |
| ४ | ६.७ | ७.० | +०.३ |
| ५ | ७.४ | ७.८ | +०.४ |
| ६ | ९.१ | ९.५ | +०.४ |

एकेक ओळ सुटी वाचली तर कुठेच बोट ठेवता येत नाही. एकही फरक ०.४च्या पलीकडे नाही. सरसकट दहा टक्क्यांच्या नियमात तर सगळे सहज बसतात. पण उजवीकडचा स्तंभ वरून खाली वाचा. सहाही चिन्हं अधिकची आहेत. फरक केवळ थरथरीमुळे असता तर काही अधिक, काही उणे पडले असते. सहाही एकाच बाजूला आणि तीही वरच्या, असं योगायोगाने घडण्याची शक्यता चौसष्टात एक. शिवाय आकडा वाढेल तसा फरकही वाढतो आहे. म्हणजे नवा लॉट सगळ्यांनाच साडेचार टक्क्यांच्या आसपास वर ओढतो आहे. फरकांची बेरीज १.८, सरासरी ०.३. आमची रेषा ०.२. लॉट नापास.

नापास झाला म्हणून डबा लगेच परत पाठवायचा नसतो. आधी स्वतःची चूक शोधायची. बाटलीत बुडबुडा होता का? रिएजंट फ्रिजमधून काढल्यावर नीट हलवलं होतं का? लॅटेक्सचे कण तळाशी बसतात, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. कॅलिब्रेटर बरोबर भरला होता का? आम्ही नव्या लॉटचं कॅलिब्रेशन पुन्हा केलं आणि तेच सहा नमुने पुन्हा चालवले. सरासरी पुन्हा ०.३च्या जवळच आली. दोष आमच्या हातात नव्हता. वहीच्या पानासकट कंपनीला कळवलं आणि दुसरा लॉट मागवला. तो आल्यावर तशीच परीक्षा झाली. फरक आले शून्य, +०.१, −०.१, शून्य, +०.१ आणि शून्य. सरासरी जवळपास शून्य. सही केली आणि डबा मशीनला लावला.

हे सगळं शक्य झालं, कारण जुना डबा अजून शिल्लक होता. तो संपल्यावर नवा उघडला असता तर तुलना करायला दुसरी बाजूच उरली नसती. नापास लॉटवर काम करा किंवा तपासणी बंद ठेवा, एवढेच दोन रस्ते राहिले असते. म्हणून आमच्या स्टोअरमध्ये नियम आहे की जुन्या लॉटचा शेवटचा डबा उघडायच्या आधी नव्या लॉटचा निकाल लागलेला असला पाहिजे. ज्या लॅबना परवडतं, त्या एकाच लॉटचा पुढच्या कित्येक महिन्यांचा साठा कंपनीकडे राखून ठेवतात, म्हणजे लॉट बदलायची वेळच कमी येते.

एखाद्या वेळी पाच नमुने जुळतात आणि सहावा एकटाच भलतीकडे जातो. तो सरासरीत विरघळवून टाकायचा नाही. विदर्भात आणि नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत काही लोकांच्या रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन असतं. त्याच्या रचनेतला बदल, प्रतिपिंडं जिथे धरतात त्या टोकाजवळच असतो. आजच्या बहुतेक चांगल्या पद्धती यातून सुटलेल्या आहेत, पण एकट्या पडलेल्या नमुन्याची अशी चौकशी करणं आपलं काम आहे. त्यात दोष लॉटचाच असेल असं नाही, रक्ताची गोष्टही वेगळी असू शकते.

हळूच सरकणारी जमीन

एवढं करूनही एक फट राहते, आणि ती या पद्धतीची खरी मर्यादा आहे. परीक्षा नेहमी कालच्या लॉटशी होते. समजा, प्रत्येक नवा लॉट मागच्यापेक्षा फक्त ०.१ने वर आहे. ०.१ आपल्या रेषेच्या आत, म्हणून पास. पुढचाही ०.१ने वर, तोही पास. चौथ्या लॉटला एकूण ०.४ जमा झालेले असतात आणि वहीतली चारही पानं पास असतात. प्रत्येक पाऊल लहान, पण माणूस गावाबाहेर पोचलेला.

हे केवळ कल्पनेत घडत नाही. अमेरिकेत रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकने आणि व्हर्जिनिया विद्यापीठाने २००७ ते २०१२ या काळातल्या आयजीएफ-१ या वाढीशी संबंधित संप्रेरकाच्या तपासणीच्या नोंदी उलगडल्या. दोन्हीकडे दर लॉटला पेशंटच्या नमुन्यांवर तुलना झालेली होती आणि त्या तुलनांत काही गैर दिसलं नव्हतं. पण त्या काळात पेशंटना प्रत्यक्ष दिलेल्या रिपोर्टांची लॉटवार सरासरी आणि मध्यक काढल्यावर काही लॉटमध्ये आकडे ठळकपणे सरकलेले दिसले. २०१३ मध्ये छापलेल्या त्या लेखाचा निष्कर्ष असा होता की लॉटची तुलना करावीच, पण तिच्या जोडीला पेशंटच्या एकूण आकड्यांवरही सतत नजर ठेवावी.

हा उपाय लहान लॅबलाही जमण्यासारखा आहे. रोज पन्नास एचबीएवनसी होत असतील, तर महिन्याच्या सगळ्या रिपोर्टांचा मध्यक काढायचा आणि भिंतीवरच्या आलेखावर एक ठिपका द्यायचा. एका गावातल्या लोकांची शुगर महिन्याभरात सगळ्यांची मिळून वाढत नाही. ठिपके एका दिशेने चढायला लागले तर लोकांकडे नव्हे, डब्याकडे बघायचं. दुसरा आधार बाहेरच्या परीक्षेचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था देशभरच्या लॅबना एकच नमुना पाठवतात आणि कोणाचं उत्तर कुठे पडलं ते कळवतात. आपण एकटेच सरकतो आहोत का, हे तिथे उघड होतं.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. सहा नमुने दोन लॉटवर म्हणजे बारा टेस्ट, आणि शंभर टेस्टच्या किटमध्ये त्या जाणवतात. पण हा खर्च किटच्या किमतीतच धरला पाहिजे. सगळ्या तपासण्यांना सहाच लागतात असंही नाही. जिथे मशीनची थरथर कमी आणि धोक्याची तफावत मोठी, तिथे तीन नमुन्यांतही निकाल लागतो. एकाच शहरातल्या दोन-तीन लॅबकडे तेच मशीन आणि तोच लॉट असेल, तर त्यांनी एकमेकांचे निष्कर्ष ताडून पाहावेत. मात्र स्वतःच्या मशीनवर एकही नमुना न चालवता कुणी लॉट लावू नये.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमचे जुने रिपोर्ट तारखेनुसार जपून ठेवा आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. आहार, औषध, वजन यांत काहीही बदल नसताना आकडा ०.३-०.४ने हलला, तर गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि लॅबला सरळ विचारा, "मधल्या काळात तुमचा लॉट बदलला का? बदलताना पेशंटच्या नमुन्यांवर तुलना केली होती का?" चांगली लॅब या प्रश्नाने रागावत नाही. ती कपाटातली वही काढते आणि ते पान तुमच्यासमोर उघडून ठेवते.